गार भिंतीचा माग

रात्री पाच-सात सेंटिमीटर बर्फ पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या वसाहतीत छपरांकडे बघत फिरतो. मध्य न्यू जर्सीतली ही घरे एकाच सुमारास, एकाच नकाशावर बांधलेली. तरी काही छपरांवर बर्फ सगळीकडे सारखा पांढरा असतो आणि काहींवर उन्हे यायच्या आत मधोमध काळा पट्टा उघडा पडलेला असतो, किंवा धुराड्याच्या पायथ्याशी परातीएवढे गोल भगदाड. बर्फ जिथे आधी वितळतो तिथे खालून ऊब पोहोचते आहे. त्या घरमालकाने गॅसचे पैसे भरून तापवलेली हवा छपराला जाऊन लागते आहे.

थर्मल कॅमेरा हेच काम कोणत्याही थंड रात्री, घरातल्या कोणत्याही भिंतीवर करून दाखवतो. गेली नऊ वर्षे मी तो घेऊन इथल्या मित्रांच्या आणि नातेवाइकांच्या घरांतून फिरतो आहे. कॅमेरा हाताळणे दहा मिनिटांत येते. चित्र वाचायला मात्र मला दोन हिवाळे लागले, म्हणून इथे वाचनाबद्दलच जास्त लिहितो आहे. नमुन्याला घर घेतले आहे ते इथलेच: लाकडी सांगाडा, आतून जिप्समचे ड्रायवॉल, मध्ये फायबरग्लासच्या गाद्या आणि वर उतरत्या छपराखाली न तापवलेला माळा, म्हणजे अॅटिक.

हा कॅमेरा भिंतीच्या आत बघत नाही. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार डोळ्यांना न दिसणारे किरण सोडत असते. त्यांपैकी साधारण 8 ते 14 मायक्रॉन लांबीच्या लहरी कॅमेरा टिपतो आणि त्यावरून पृष्ठभागाचे तापमान काढतो. त्याला दिसतो तो फक्त भिंतीवरचा रंगाचा थर. रंगवलेली भिंत, लाकूड, वीट, कापड हे पृष्ठभाग आपले तापमान प्रामाणिकपणे सांगतात. चकचकीत धातू तसे करत नाहीत. अॅल्युमिनियमच्या फॉइलवर दिसते ते समोरच्या वस्तूंचे प्रतिबिंब. खिडकीची काच या लहरींना अपारदर्शक असते, त्यामुळे तिच्यातून बाहेरचे काही दिसत नाही, आणि थोडे प्रतिबिंब तीही दाखवते. काचेवर उबदार डाग दिसला तर आधी एक पाऊल बाजूला सरकावे. डाग सरकला तर तो आपल्याच अंगाचा.

आता भिंतीकडे येऊ. इथल्या जुन्या घरांत साधारण चाळीस-चाळीस सेंटिमीटरवर उभे लाकडी स्टड असतात आणि दोन स्टडांमधल्या सुमारे 9 सेंटिमीटर खोल पोकळीत गादी भरलेली असते. आत 21 अंश आणि बाहेर उणे 6, म्हणजे 27 अंशांचा फरक धरा. गादी नीट भरली असेल तिथे भिंतीचा आतला पृष्ठभाग सुमारे 19.7 अंश भरेल. लाकूड गादीइतकी उष्णता अडवत नाही, म्हणून स्टडवर तो 18.3 च्या आसपास येईल. आणि पोकळीत गादीच नसेल, नुसती हवा असेल, तर सुमारे 16.

या तीन आकड्यांतच सगळी लिपी आहे. धडधाकट भिंतीवर स्टडांच्या गडद रेघा दिसतात आणि मधले पट्टे उजळ असतात. नवखा माणूस त्या गडद रेघा पाहून घाबरतो, पण ते भिंत भरलेली असल्याचे लक्षण आहे. रिकाम्या भिंतीत चित्र उलटते. नुसत्या हवेपेक्षा लाकूड बरे, त्यामुळे स्टड उजळ आणि मधली पोकळी गडद दिसते. भिंतीसमोर उभे राहून मी पहिला प्रश्न हाच विचारतो: इथे लाकूड शेजाऱ्यापेक्षा गार आहे की उबदार? या प्रश्नाला अंशांचा अचूक आकडा लागत नाही. ते बरेच आहे, कारण यांतले बहुतेक कॅमेरे प्रत्यक्ष तापमानात दोन अंशांनी इकडेतिकडे चुकू शकतात. शेजारच्या दोन जागांमधला फरक मात्र ते अंशाच्या दहाव्या भागापर्यंत पकडतात.

गादी आहे पण नीट बसवलेली नाही, असेही पुष्कळ असते. विजेच्या पेटीमागे ती दाबून कोंबलेली असते, वरच्या टोकाला चार बोटे आखूड पडलेली असते, नाहीतर वर्षानुवर्षांत खाली बसलेली असते. अशा जागी पोकळीच्या एका कोपऱ्यात सरळ कडांचा गडद तुकडा दिसतो. कडा सरळ असणे महत्त्वाचे आहे, त्याकडे पुढे येतो.

त्याआधी रंगांबद्दल. कॅमेरा समोरच्या दृश्यातले सर्वांत गार ठिकाण निळे-काळे करतो आणि सर्वांत उबदार ठिकाण पिवळे-पांढरे, मग त्या दोन टोकांत दीड अंशाचा फरक असो की पंधरा अंशांचा. उत्तम बांधलेल्या घराचेही त्यामुळे भयानक चित्र निघू शकते. असली लाल-निळी चित्रे पुढे करून हजारो डॉलरच्या खिडक्या विकल्या जाताना मी पाहिल्या आहेत आणि मला त्याचा राग येतो, कारण घरमालक त्या रंगांवर विश्वास ठेवून कर्ज काढतो. कोणी असा अहवाल हातात दिला तर चित्राच्या कडेची तापमानपट्टी आधी वाचावी. ती छापलेलीच नसेल तर ते चित्र परत करावे. मी स्वतः घरात शिरताच पट्टी 14 ते 22 अंशांवर पक्की करतो आणि सगळे घर त्याच पट्टीवर पाहतो, म्हणजे एका खोलीचा निळा दुसऱ्या खोलीच्या निळ्याशी जुळतो.

वेळ साधणे हे अर्धे काम. आतबाहेर किमान 10 अंशांचा फरक असावा आणि तो आधीचे चार तास टिकलेला असावा. 10 अंशांच्या फरकाला भरलेली पोकळी आणि स्टड यांत जेमतेम अर्धा अंश उरतो, त्याहून कमी असेल तर भिंत मुकीच राहते. उन्हाचा त्रास याहून मोठा. लाकडी बाह्यांगावर पडलेल्या उन्हाची ऊब तीनएक तास राहते आणि विटांचे आवरण असेल तर आठ तास. पूर्वेच्या भिंतीवर सकाळी दहाला कॅमेरा धरला तर भरलेली आणि रिकामी पोकळी एकमेकींची सोंगे घेतात. म्हणून मी थंडीत पहाटे जातो, उजाडायच्या आत. आदल्या रात्री भिंतीला टेकलेले कपाट आणि पलंग पुढे ओढून ठेवायला सांगतो, कारण कपाटामागची भिंत खोलीच्या उबेला मुकलेली असते आणि तेवढ्यानेच गार दिसते.

रस्त्यावर उभे राहून किंवा ड्रोन उडवून घराचे एकच भव्य चित्र घ्यायचा मोह सर्वांना होतो. भिंतींसाठी वारा पडलेल्या ढगाळ रात्री त्याचा थोडा उपयोग होतो. छपरासाठी जवळपास नाही. निरभ्र रात्री छप्पर आपली उष्णता थेट आकाशात सोडते आणि हवेपेक्षाही गार होऊन बसते. शिवाय माळ्यात वाऱ्याची ये-जा ठेवलेली असते, त्यामुळे खालच्या छतातून निसटलेली ऊब छपरापर्यंत पोहोचण्याआधीच पातळ होते. छपराचे इन्सुलेशन तपासायचे तर वरच्या मजल्यावर आत उभे राहून छताकडेच कॅमेरा धरावा लागतो.

कोणता कॅमेरा घ्यावा, हे मला सर्वांत जास्त विचारले जाते. 1970 च्या दशकात असल्या उपकरणांना थंड ठेवायला द्रव नायट्रोजन ओतावा लागे. आज फोनला जोडायचा कॅमेरा मिळतो. आडवे 160 आणि उभे 120 बिंदू टिपणारा रुंद नजरेचा कॅमेरा असेल तर तीन मीटरवरून त्याचा एक बिंदू भिंतीवरचे सुमारे दोन सेंटिमीटर व्यापतो, आणि तापमानावर भरवसा ठेवायला किमान तीन बाय तीन बिंदू लागतात. म्हणजे सहा सेंटिमीटरहून लहान गोष्ट तीन मीटरवरून नीट कळायची नाही. स्टड आणि गाद्या पाहायला एवढे पुरते, फक्त भिंतीजवळ जावे लागते. उंच जिन्यावरच्या छतासाठी मात्र मोठा कॅमेरा भाड्याने आणलेला बरा.

एक चूक माझ्या हातून झाली आहे आणि ती सांगायलाच हवी. एका स्नेह्यांच्या वरच्या बेडरूममध्ये छतावर ताटाएवढा गडद डाग दिसला. मी गादी सरकली असेल म्हणून सांगितले. माळ्यावर चढणे त्या घरात अवघड होते, त्यांनी उन्हाळ्यापर्यंत काम पुढे ढकलले. मार्चमध्ये तिथे छत पिवळे पडून फुगले. वर नळाच्या हवावाहिनीभोवतीचा जोड झिरपत होता, गादी जागच्या जागी होती आणि ओली चिंब होती. ओल सुकताना पृष्ठभाग गार करते, आणि ओली गादी उष्णता अडवत नाही, त्यामुळे कॅमेऱ्यात ओल आणि उणीव एकसारखीच गडद दिसते. आकारात थोडा फरक असतो. सरकलेल्या गादीचा डाग चौकटीच्या लाकडाला येऊन सरळ थांबतो. ओलीच्या कडा गोलसर, पसरट असतात आणि ती लाकूड ओलांडून जाते. तो डाग गोल होता, मला तेव्हाच थांबायला हवे होते. तेव्हापासून दोन सुया टोचून ओलावा मोजणारे यंत्र माझ्या पिशवीत असते आणि छतावरच्या प्रत्येक डागाला ते लावल्याशिवाय मी तोंड उघडत नाही.

सुट्टीत नागपूरला गेलो की हाच कॅमेरा तिकडे का आणत नाही म्हणून विचारणा होते. तिकडचा प्रश्न वेगळा आहे. गादीतल्या फटी शोधायला आधी गादी असावी लागते. नुसत्या काँक्रीटच्या स्लॅबवर मे महिन्यात कॅमेरा धरला तर सगळे छतच तापलेले दिसते, आणि ते दुपारच्या उन्हाची ऊब संध्याकाळ उलटून गेल्यावरही खाली सोडत असते. तिथे फट शोधत बसण्यापेक्षा स्लॅबवर थर चढवायला हवा. घरांसाठीच्या 2018 च्या इको निवास संहितेत छतातून दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला 1.2 वॅटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये अशी मर्यादा आहे, आणि उघडी स्लॅब तिच्या जवळपासही येत नाही.

आता हवेच्या गळतीकडे वळतो, कारण इथल्या घरांत खरा चोर बहुधा तोच असतो. आमच्यापासून थोड्याच अंतरावर ईस्ट विंडसरमध्ये ट्विन रिव्हर्स नावाची वसाहत आहे. या भागात आज मराठी घरे पुष्कळ आहेत, पण त्या वसाहतीत काय सापडले होते हे त्यांतल्या थोड्यांनाच माहीत असते. 1970 च्या दशकात प्रिन्स्टन विद्यापीठाच्या लोकांनी तिथल्या जोडघरांत वर्षानुवर्षे मोजमापे घेतली. रॉबर्ट सोकोलो त्या कामाचे प्रमुख होते. हिवाळ्यात माळा किती गार असायला हवा याचे गणित छतावरच्या गादीच्या जाडीवरून मांडता येते. प्रत्यक्षात माळे त्याहून बरेच उबदार निघाले. जान बेया, गौतम दत्त आणि थॉमस वोटेकी यांनी त्याचा माग काढला तेव्हा कळले की बरीचशी उष्णता गादीतून जात नव्हती, ती गादीला वळसा घालून जात होती. भट्टीच्या धुराड्याभोवती तळघरापासून माळ्यापर्यंत पोकळ बोळ होता. दोन घरांमधल्या सामाईक भिंतीच्या कडेने फटी होत्या. उबदार हवा त्यांतून धुरासारखी वर चढत होती. गादी दुप्पट केली असती तरी ही वाट तशीच राहिली असती.

अशी वाट कॅमेऱ्याला नुसती दिसत नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. थंडीत घरातली हलकी हवा वर चढते. खालच्या मजल्याच्या फटींतून बाहेरची गार हवा आत येते आणि वरच्या फटींतून उबदार हवा बाहेर जाते. आत येणारी हवा फटीच्या कडा गार करते, म्हणून ती दिसते. बाहेर जाणारी हवा खोलीच्याच तापमानाची, ती फटीजवळ काहीच खूण सोडत नाही. म्हणजे छतातली सर्वांत वाईट भोके खालून बघणाऱ्याला सर्वांत निर्दोष वाटतात.

यावरचा उपाय म्हणजे ब्लोअर डोअर. पुढच्या दाराच्या चौकटीत कापड ताणून त्यात मोठा पंखा बसवतात आणि घरातली हवा बाहेर खेचतात. मोजमापासाठी आतला दाब बाहेरच्यापेक्षा 50 पास्कलने उतरवतात, कॅमेऱ्यासाठी 20 ते 30 पुरतात. आता सगळ्याच फटींतून हवा आत येऊ लागते, वरच्याही. माळ्यातली गार हवा छतातल्या भोकांतून खाली ओढली जाते आणि दहा-पंधरा मिनिटांत भिंतीवर लिहून जाते. तिचे अक्षर गादीच्या उणिवेहून वेगळे असते: बोटांसारखे, पिसासारखे, एका टोकाला काळे आणि पुढे विरत जाणारे. म्हणून आधी पंखा बंद ठेवून सगळे घर टिपायचे आणि मग चालू करून तेच पुन्हा टिपायचे. दोन्हींत सारखे राहिले ते गादीचे, बदलले ते हवेचे. पंख्याआधी गॅसची भट्टी आणि पाण्याचा बंब बंद केलाच पाहिजे, नाहीतर धुराड्यातला विषारी वायू उलटा घरात येतो. माळ्यावर व्हर्मिक्युलाइटचे खडे पसरलेले असतील तर पंखा लावूच नये, त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतो.

गेल्या वर्षी जानेवारीत एका मित्राच्या घरी गेलो होतो. 1974 चे दुमजली घर, वर चार खोल्या. तक्रार अशी की दोन मुलांची खोली गार राहते आणि भट्टी बंदच होत नाही. एकाने सगळ्या खिडक्या बदलायचा खर्च लिहून दिला होता. पहाटे साडेपाचला बाहेर उणे 6 होते आणि आत 21, वर मांडलेले गणित त्याच पहाटेचे.

मुलांच्या खोलीत खिडक्या ठीक निघाल्या, चौकटीच्या एका कोपऱ्यापुरती गळती. खिडकीखाली मात्र चित्र उलटलेले होते. लागोपाठ तीन पोकळ्यांत लाकूड उजळ, मधले पट्टे गडद, 16.2 अंश. कधीतरी तिथे वातानुकूलन यंत्र बसवले असावे आणि ते काढून भिंत बुजवताना गादी घालायची राहिली असावी. या तीन पोकळ्या मिळून दीड चौरस मीटरही भरत नव्हत्या. मुलांच्या पलंगाचे उशाकडचे टोक तिथेच होते, म्हणून ती खोली अंगाला गार लागत होती, पण तेवढ्याने भट्टी रात्रभर चालायची नाही.

मग पंखा लावला. पंधरा मिनिटांनी वरच्या बोळातून चालताना न्हाणीघराच्या भिंतीवर वरून खाली तीन काळ्या जिभा उतरलेल्या दिसल्या, टोकाला 12 अंश.

वहिनी मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "अहो भावजी, ही भिंत तर घराच्या मध्ये आहे. हिच्या दोन्ही बाजूंना आम्हीच राहतो, ती कशी गार पडेल?"

नेमका प्रश्न हाच होता. घराच्या मधली भिंत गार दिसली तर गारवा कोणत्याही बाजूने आलेला नसून वरून आला आहे, म्हणजे तिचे डोके माळ्यात उघडे आहे. आम्ही माळ्यावर चढलो. न्हाणीघराच्या जागी गाद्या इतरांसारख्याच पसरलेल्या होत्या. मी एक उचलली. खालून ती काजळीसारखी काळी होती, स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्टच्या जाळीसारखी. फायबरग्लास हवा अडवत नाही, गाळतो. पन्नास वर्षे घरातली हवा त्यातून वर गेली होती आणि तिची धूळ तिथे बसली होती. पुढच्या दोन गाद्याही तशाच. त्यांच्या खाली छत नव्हतेच. टबच्या वर छत खाली उतरवून घेतले होते, आणि त्या दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद खोक्याला वरून झाकणच घातलेले नव्हते. खोक्याच्या कडेने भिंतींच्या पोकळ्या थेट खाली उतरत होत्या.

काम दोन दिवसांचे निघाले. खोक्यावर कडक फोमचा तक्ता कापून बसवला आणि कडा फवारणीच्या फोमने बंद केल्या. भिंतींच्या डोक्यावरच्या फटी आणि तारांची भोके भरली. धुराड्याभोवती फोम चालत नाही, तिथे पत्रा कापून आगीला टिकणाऱ्या सीलंटने चिकटवला. हे सगळे झाल्यावरच गाद्या परत ठेवल्या आणि वर सेल्युलोजचा थर उडवला. क्रम उलटा केला असता तर भोके गादीखाली कायमची लपली असती. खिडकीखालच्या तीन पोकळ्यांत भोके पाडून सेल्युलोज भरला. खिडक्या तशाच ठेवल्या.

फेब्रुवारीत अशाच एका पहाटे पुन्हा गेलो. 50 पास्कलवर आधी घरातली हवा तासाला 11 वेळा बदलत होती, आता 7. खिडकीखाली स्टडांच्या गडद रेघा उमटल्या होत्या. बोळातल्या भिंतीसमोर पंखा चालू ठेवून वीस मिनिटे थांबलो. दोन जिभा नाहीशा झाल्या होत्या. तिसरीच्या जागी, दिव्याच्या बटणाच्या वर, बोटाएवढी काळी रेघ अजून होती. मित्राने पेन्सिलीने तिथे फुली मारली आणि फोमची नळी घेऊन माळ्याची शिडी ओढली.